बंद कंपनीकडे थकलेला पगार : लिक्विडेशनमध्ये कामगाराचा नंबर नेमका कुठे लागतो

प्रश्न : आमचा ३२० कामगारांचा कारखाना ऑक्टोबर २०२३ अखेर बंद झाला. फेब्रुवारी २०२३ पासूनचा पगार मिळालेला नाही. १ मार्च २०२४ ला बँकेच्या अर्जावरून एनसीएलटीत, म्हणजे कंपनी कायदा न्यायाधिकरणात, दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली आणि आता १० जून २०२५ ला लिक्विडेशनची, म्हणजे कंपनी मोडीत काढून तिची मालमत्ता विकण्याची, ऑर्डर झाली. मधल्या काळात, मार्च ते जुलै २०२४, आम्हा काही जणांना अर्धवट ऑर्डरी पूर्ण करायला बोलावले होते, त्याचाही पगार नाही. मी फिटर, नोकरी १७ वर्षे, पगार २१,००० रुपये. युनियन म्हणते फॉर्मवर २,९४,००० असा एकच आकडा भरा. माझा मेहुणा तिथेच खरेदी विभागात मॅनेजर होता, त्याचेही अडकले आहेत. बँकांचे भागल्याशिवाय आम्हाला काही मिळत नाही, हे खरे का?

उत्तर :

हे निम्मेच खरे आहे. फिटर म्हणून तुम्ही कायद्याने बँकांच्या मागे नसून त्यांच्या शेजारी उभे आहात. तुमचा मेहुणा मात्र खरोखरच मागे आहे. पण त्याआधी एक गोष्ट सांगतो : तो एकच आकडा भरू नका. तुमचे २,९४,००० रुपये कायद्याच्या नजरेत एकजिनसी नाहीत. त्यांतले काही पूर्ण मिळण्यासारखे आहेत, काहींवर रुपयाला वीस पैसे मिळतील आणि काहींवर बहुधा काहीच मिळणार नाही. शिवाय या आकड्यात जे धरलेलेच नाही, तेही बरेच आहे. कोणता रुपया कोणत्या महिन्याचा आणि कशाबद्दलचा, हे दावा भरणाऱ्याने सांगितले नाही, तर मालमत्ता विकून पैसे वाटणारा लिक्विडेटर आपल्या समजुतीप्रमाणे ते ठरवतो, आणि ती समजूत कामगाराच्या बाजूने झुकेलच असे नाही.

क्रम ठरतो तो दिवाळखोरी संहिता, २०१६ च्या कलम ५३ ने. मालमत्ता विकून आलेल्या पैशातून सर्वांत आधी दिवाळखोरी प्रक्रियेचा आणि लिक्विडेशनचा खर्च पूर्ण भागवला जातो. त्यानंतर एकाच पायरीवर दोघे येतात : लिक्विडेशन सुरू झाल्याच्या तारखेपूर्वीच्या २४ महिन्यांची कामगारांची देणी आणि ज्यांनी आपले तारण लिक्विडेशनच्या सामाईक भांड्यात सोडून दिले आहे अशा बँका. त्याखालची पायरी ‘कामगार’ नसलेल्या कर्मचाऱ्यांची, आणि तीही १२ महिन्यांपुरतीच. मग बिनतारणी वित्तीय कर्जे, त्याखाली सरकारी देणी, मग उरलेली सर्व देणी आणि अगदी तळाशी भागधारक. वरची पायरी पूर्ण भरल्याशिवाय खालच्या पायरीवर थेंबही उतरत नाही, आणि एकाच पायरीवरच्यांना पैसा पुरला नाही तर तो देण्याच्या प्रमाणात वाटला जातो.

कामगाराला ही बरोबरीची जागा मिळाली ती १९८५ साली, तेव्हाच्या कंपनी कायद्यात कलम ५२९-अ घालून. त्यात कामगारांच्या देण्यांना कालमर्यादा नव्हती. आताच्या संहितेत ती २४ महिन्यांची आहे, आणि या मर्यादेमुळे कामगारांचे जेवढे पैसे बुडताना मी पाहिले आहेत, तेवढे बँकांशी असलेल्या बरोबरीमुळे बुडालेले नाहीत. ही मर्यादा काढून टाकावी, कामगारांची देणी या क्रमाच्या बाहेर ठेवावीत, अशी मागणी मोझर बेअरच्या कामगार संघटनेने सर्वोच्च न्यायालयात केली होती. न्यायालयाने मे २०२३ मध्ये ती फेटाळली. त्यामुळे आपल्याला याच चौकटीत हिशेब मांडायचा आहे.

आता २४ महिने मोजायचे कुठून? पगार थकला त्या दिवसापासून नव्हे, कारखाना बंद झाला त्या दिवसापासून नव्हे, आणि १ मार्च २०२४ पासूनही नव्हे. लिक्विडेशनच्या ऑर्डरच्या तारखेपासून मागे मोजायचे. म्हणजे तुमच्यासाठी खिडकी आहे १० जून २०२३ ते ९ जून २०२५. दिवाळखोरीची प्रक्रिया जितकी रेंगाळते तितकी ही खिडकी पुढे सरकते, आणि ज्या महिन्यांत तुम्ही प्रत्यक्ष काम केले ते जुने महिने एकेक करून तिच्याबाहेर पडतात. यात तुमचा काही दोष नसतो. नियमच तसा आहे. तुमच्या बाबतीत फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, मे २०२३ आणि जूनचे पहिले ९ दिवस बाहेर गेले. २१,००० रुपये महिना आणि ७०० रुपये रोज धरला तर हे ९०,३०० रुपये होतात. ते ‘उरलेली सर्व देणी’ या पायरीवर, सरकारी देण्यांच्याही खाली जातात. तुमच्या प्रकरणात तिथपर्यंत पैसा पोचणे अवघड आहे. तरी तो दावा सोडू नका, वेगळ्या ओळीत लिहा. उद्या एखादी लपवलेली मालमत्ता परत मिळाली, तर मंजूर दाव्यालाच त्यात वाटा असतो.

१० जून ते ३१ ऑक्टोबर २०२३ या काळाचे तुमचे ९८,७०० रुपये मात्र खिडकीच्या आत आहेत. हे निर्विवाद बँकांच्या बरोबरीचे देणे आहे.

यानंतरचा काळ महत्त्वाचा आहे, आणि युनियनच्या आकड्यात तो अर्धाच आला आहे. मार्च ते जुलै २०२४ या पाच महिन्यांत, दिवाळखोरीच्या प्रक्रियेत कंपनीचा कारभार पाहणाऱ्या रिझोल्यूशन प्रोफेशनलने तुम्हाला कामावर बोलावले, अर्धवट ऑर्डरी पूर्ण करून घेतल्या. या पाच महिन्यांचे १,०५,००० रुपये सर्वसाधारण थकबाकीत मिसळायचे नाहीत. एबीजी शिपयार्डच्या प्रकरणात १९ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याविषयी स्पष्ट कसोटी घालून दिली आहे. दिवाळखोरीच्या प्रक्रियेत रिझोल्यूशन प्रोफेशनलने कंपनीचा कारभार चालू धंदा म्हणून चालवला असेल आणि त्या काळात कामगाराने प्रत्यक्ष काम केले असेल, तर त्या काळाचा पगार हा प्रक्रियेचा खर्च समजला जातो, म्हणजेच तो अगदी पहिल्या पायरीवर, पूर्णच्या पूर्ण मिळायला हवा. दोन्ही गोष्टी सिद्ध करण्याची जबाबदारी मात्र मागणाऱ्यावर असते. केवळ ‘आम्ही हजर होतो, आम्हाला काढलेले नव्हते’ एवढे पुरत नाही. एबीजीच्या कामगारांचे घोडे नेमके इथेच अडले होते.

त्यामुळे या पाच महिन्यांचा पुरावा आजच गोळा करा, कारण कारखान्याचा ताबा आता लिक्विडेटरकडे आहे आणि जुने कागद गोण्यांत भरून कुठल्या तरी गोदामात जायला वेळ लागत नाही. हजेरीपट मिळाला तर उत्तम. पण तो फक्त तुम्ही आलात हे सांगतो. कारखाना खरोखर चालू होता हे सांगणारे कागद वेगळे असतात : माल बाहेर गेल्याची चलने, ई-वे बिले, वाढलेले वीजबिल, तुमच्या नावाची जॉब कार्डे, सुपरवायझरने व्हॉट्सॲपवर टाकलेली रोजच्या कामाची यादी. माझ्याकडे आलेल्या एका प्रकरणात हजेरीपट सापडतच नव्हता, आणि लिक्विडेटरचे म्हणणे होते की तिथे चार वॉचमनशिवाय कोणी नव्हते. गेटवरच्या रजिस्टरची पाने एका कामगाराने मोबाइलवर काढून ठेवली होती. त्यात ट्रकचा नंबर, चलन क्रमांक आणि माल भरणाऱ्या सात जणांच्या सह्या होत्या. बाकी सगळा युक्तिवाद त्या पानांभोवती उभा राहिला आणि तो टिकला.

आणखी एक तपासा. रिझोल्यूशन प्रोफेशनलला प्रक्रियेच्या खर्चाचा तपशील कर्जदात्यांच्या समितीपुढे ठेवावा लागतो. त्या काळाच्या खर्चपत्रकात ‘मजुरी’ किंवा ‘वेतन’ अशी रक्कम मंजूर झालेली आहे का, हे लिक्विडेटरला लेखी विचारा. रक्कम मंजूर झाली पण तुम्हाला दिली गेली नाही, असे निघाले तर वादच उरत नाही.

मग राहतो तो रिकामा काळ : नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२४ हे चार महिने आणि ऑगस्ट २०२४ ते ९ जून २०२५ हे दहा महिने नऊ दिवस. या काळात तुम्ही काम केले नाही, म्हणून युनियनने तो सोडून दिला असावा. तो सोडू नका. ३२० कामगारांचा कारखाना बंद करायला तेव्हा लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २५-ओ प्रमाणे सरकारची परवानगी लागत होती. ती घेतली नसेल तर कारखाना बंद करणे बेकायदेशीर ठरते आणि कारखाना बंदच झाला नाही असे समजून कामगाराला वेतनाचे हक्क मिळतात. नोकरी कायद्याने संपते ती लिक्विडेशनच्या ऑर्डरने, कारण ती ऑर्डर हीच कामगार-कर्मचाऱ्यांना सेवामुक्तीची नोटीस मानली जाते. त्यामुळे मधल्या काळाच्या वेतनाचा दावा उभा राहतो, आणि तो पूर्ण खिडकीच्या आत आहे : ८४,००० अधिक २,१६,३००, म्हणजे ३,००,३०० रुपये. एबीजीच्या निकालातही, प्रत्यक्ष काम न केलेल्या काळाची मागणी खर्चात धरायची नाही, तर कामगारांच्या देण्यांच्या पायरीवर तपासायची, असेच म्हटले आहे. हा दावा निर्विवाद नाही, हे मी लपवत नाही. लिक्विडेटर ‘काम नाही तर दाम नाही’ म्हणून तो नाकारू शकतो, किंवा या काळात तुम्ही दुसरीकडे नोकरी करत होता असे दाखवू शकतो. पण नाकारलेल्या दाव्यावर दाद मागता येते. न केलेल्या दाव्यावर मागता येत नाही. परवानगी घेतली होती की नाही हे कामगार आयुक्तांच्या कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज करून कळते, आणि हे काम एकट्यादुकट्याने करण्यापेक्षा युनियनने करावे.

सेवामुक्तीबद्दलची कायदेशीर भरपाईसुद्धा, पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी वेतनाप्रमाणे, वेगळ्या ओळीत मागा. ‘कामगारांची देणी’ या शब्दाच्या व्याख्येत ती बसते. ती २४ महिन्यांच्या आत धरायची की नाही यावर वाद होतो, म्हणून पुढच्या हिशेबात मी ती धरलेली नाही.

या सगळ्यापेक्षा वेगळा आणि खरे तर आधी बघायचा ढीग म्हणजे भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी. कलम ३६(४) सांगते की भविष्य निर्वाह निधी, पेन्शन निधी आणि ग्रॅच्युइटी निधीतून कामगाराला किंवा कर्मचाऱ्याला येणे असलेली रक्कम लिक्विडेशनच्या मालमत्तेत धरायचीच नाही. म्हणजे तिच्यासाठी रांगच नाही : तिला ना २४ महिन्यांची मर्यादा, ना बँकांशी वाटणी. तुमचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता १५,६०० असेल, असे उदाहरणादाखल धरू. ग्रॅच्युइटी २६ दिवसांच्या महिन्यावर १५ दिवसांची मोजतात, म्हणजे वर्षाला ९,००० रुपये, आणि १७ वर्षांचे १,५३,००० रुपये.

इथे एक खाचखळगा आहे. ही रक्कम बाहेर राहते ती निधी अस्तित्वात असेल तर. कंपनीने ग्रॅच्युइटीसाठी ट्रस्ट केला असेल किंवा विमा कंपनीची ग्रुप ग्रॅच्युइटी पॉलिसी घेतली असेल, तर पैसा तिथे आहे आणि तो तुमचाच आहे. कंपनीने असा निधी कधी बाजूला काढलाच नसेल, तर काय करायचे याबद्दल अपिलीय न्यायाधिकरणाचे निर्णय एका सुरात नाहीत. २०२० मधल्या एका निर्णयात म्हटले, निधीच नाही तर लिक्विडेटरला तो उभा करायला सांगता येत नाही. जेट एअरवेजच्या प्रकरणात मात्र ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायाधिकरणाने प्रक्रिया सुरू झाल्याच्या तारखेपर्यंतचा भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी पूर्ण द्यायला लावली, आणि जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. मात्र ते प्रकरण कंपनी वाचवण्याच्या योजनेतले होते, लिक्विडेशनमधले नव्हते. व्यवहारात अर्थ एवढाच, की कंपनीच्या शेवटच्या तीन-चार वर्षांच्या ताळेबंदाच्या टिपा वाचा. ‘ग्रॅच्युइटी’ या नोंदीसमोर ‘निधीयुक्त’ की ‘अनिधीयुक्त’, आणि कोणत्या विमा कंपनीकडे, हे तिथे लिहिलेले असते. ताळेबंद कंपनी रजिस्ट्रारच्या संकेतस्थळावर थोड्या शुल्कात मिळतो. निधी नसेल तर ग्रॅच्युइटी कामगारांच्या देण्यांच्या पायरीवरही, पर्यायी मागणी म्हणून, लिहून ठेवा.

भविष्य निर्वाह निधीचे पासबुक आजच उघडून बघा. पगारातून कपात झालेली पण भरली न गेलेली रक्कम बंद पडायच्या आधी वर्षभर तरी सुरू झालेली असते. तो कंपनी आजारी पडल्याचा सर्वांत पहिला ठसा असतो, पगार उशिरा होऊ लागण्याच्याही आधीचा. पासबुकातली शेवटची नोंद आणि पगारपत्रकावरची शेवटची कपात यांत जितके महिने अंतर, तितक्या महिन्यांची तक्रार भविष्य निर्वाह निधी कार्यालयात करा, म्हणजे ते कार्यालय आपला दावा लिक्विडेटरकडे लावेल. तुम्ही स्वतःच्या फॉर्ममध्येही ती ओळ लिहा.

आता हे सगळे एकत्र करून पैसे किती हाती येतात ते बघू. समजा, कारखान्याची जमीन, यंत्रे, भंगार सगळे विकून २० कोटी रुपये आले आणि प्रक्रियेचा व लिक्विडेशनचा खर्च, तुमच्या पाच महिन्यांच्या पगारासकट, ४ कोटी झाला. उरले १६ कोटी. तारण सोडून दिलेल्या बँकांचे येणे ६८ कोटी आणि सर्व कामगारांची २४ महिन्यांच्या आतली मंजूर देणी १२ कोटी. एकूण ८० कोटींच्या देण्याला १६ कोटी, म्हणजे प्रत्येकाला २० टक्के : बँकांना १३.६ कोटी, कामगारांना २.४ कोटी. पैसा इथेच संपला.

यात तुमच्या हाती काय येईल? पाच महिन्यांचे १,०५,००० पूर्ण, कारण ते खर्चात आहेत. खिडकीच्या आतले ९८,७०० आणि रिकाम्या काळाचे ३,००,३०० मिळून ३,९९,०००. त्यावर २० टक्क्यांनी ७९,८००. फेब्रुवारी ते जून २०२३ च्या ९०,३०० वर शून्य. ग्रॅच्युइटी निधीत असेल तर १,५३,००० वेगळे, आणि भविष्य निर्वाह निधीची थकबाकी वेगळी. म्हणजे ३,३७,८०० च्या आसपास. आता युनियनच्या फॉर्मप्रमाणे एकच आकडा भरून बघा. २,९४,००० हे सगळे लिक्विडेटरने साधी थकबाकी धरले आणि त्यातले खिडकीबाहेरचे ९०,३०० वजा केले, तर उरलेल्या २,०३,७०० चे २० टक्के, म्हणजे ४०,७४० रुपये. कामगार तोच, कंपनी तीच, कायदा तोच.

रिकाम्या काळाचा दावा अगदी पूर्ण फेटाळला गेला, असे समजू. तरी ९८,७०० चे १९,७४० आणि पाच महिन्यांचे १,०५,००० राहतात. सर्वांचेच रिकाम्या काळाचे दावे फेटाळले तर एकूण देणे थोडे कमी होऊन टक्का किंचित वर सरकेल, पण चित्र बदलणार नाही.

बँकेने तारण सामाईक भांड्यात सोडले नाही आणि स्वतःच विकायचे ठरवले, तर कामगार वाऱ्यावर का? नाही. बँकेला आपला निर्णय लिक्विडेशन सुरू झाल्यापासून ३० दिवसांत लिक्विडेटरला कळवावा लागतो. न कळवल्यास तारण भांड्यात आले असे धरतात. आणि स्वतः विकायचे ठरवले तरी, तारण सोडून दिले असते तर कामगारांना जेवढा वाटा मिळाला असता तेवढी रक्कम आणि खर्चातला आपला हिस्सा बँकेला लिक्विडेटरकडे ९० दिवसांत भरावा लागतो. हे पैसे भरले गेले का, हे विचारण्याचा अधिकार तुम्हाला आहे आणि युनियनने लिक्विडेटरला ते लेखी विचारावे.

तुमच्या मेहुण्याबद्दल. संहितेने ‘कामगार’ या शब्दाचा अर्थ औद्योगिक विवाद कायद्यातून घेतला होता, आणि लिक्विडेशनच्या ऑर्डरच्या दिवशी तोच लागू होता : हातकाम, तांत्रिक काम, कारकुनी काम करणारा कामगार, व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारा, आणि महिना १०,००० रुपयांपेक्षा जास्त वेतन घेणारा पर्यवेक्षक हे त्यातून वगळलेले होते. नावापुढे काय लिहिले आहे यापेक्षा हातून प्रत्यक्ष काय काम होते याला महत्त्व असते, त्यामुळे ‘मॅनेजर’ असे पद असूनही जो दिवसभर फक्त नोंदी करत होता, खरेदी मंजूर करण्याचा किंवा कुणाची रजा मंजूर करण्याचा ज्याला अधिकार नव्हता, तो कामगार असल्याचे पटवून देऊ शकतो. पण तो खरोखर व्यवस्थापक असेल तर त्याची खिडकी फक्त १२ महिन्यांची, १० जून २०२४ ते ९ जून २०२५. त्याचा पगार थकला तो ऑक्टोबर २०२३ पर्यंतचा. म्हणजे सगळाच खिडकीबाहेर. आणि आत असता तरी वरच्या उदाहरणात बँका आणि कामगार यांच्यावरच पैसा संपतो, त्याच्या पायरीवर काहीच उतरत नाही. त्याने पगाराच्या मागे लागण्यापेक्षा भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीवर जोर द्यावा. ते संरक्षण कामगार आणि कर्मचारी दोघांनाही सारखे आहे.

कामगार न्यायालयात पगाराची केस आधीच टाकली असेल तर १ मार्च २०२४ पासून ती मॉरेटोरियममुळे, म्हणजे कंपनीविरुद्धच्या खटल्यांवरच्या स्थगितीमुळे, थांबली असणार. लिक्विडेशन सुरू झाल्यावर मॉरेटोरियम संपतो, पण कंपनीविरुद्ध नवी केस टाकता येत नाही, आणि जुन्या केसचा निकाल हाती आला तरी त्याची रक्कम याच रांगेत उभी राहते. म्हणून निकालाचा किंवा वसुली दाखल्याचा खरा उपयोग पुरावा म्हणून आहे : ‘एवढे देणे आहे’ हे त्यावरून लिक्विडेटरला मान्य करावे लागते.

फॉर्मबद्दल नीट लक्ष द्या, कारण इथे दरवेळी गोंधळ होतो. दिवाळखोरीच्या प्रक्रियेत कामगाराचा दावा फॉर्म डी मध्ये होता आणि अनेक कामगारांच्या वतीने प्रतिनिधीने करायचा दावा फॉर्म ई मध्ये. लिक्विडेशनमध्ये अक्षरे एकेक पुढे सरकतात : कामगाराचा स्वतःचा दावा फॉर्म ई, आणि प्रतिनिधीमार्फत अनेकांचा फॉर्म एफ. मुदत लिक्विडेशन सुरू झाल्यापासून ३० दिवस, म्हणजे तुमच्यासाठी १० जुलै २०२५. मागच्या वर्षी भरलेला दावा असेल आणि आता काहीच भरले नाही, तर जुन्या दाव्याचा मंजूर आकडा विचारात घेतला जातो. पण त्यात १ मार्च २०२४ नंतरचे काहीच नसणार, म्हणून नव्याने भरा.

फॉर्मला एक साधा कोष्टक-कागद जोडा. एका बाजूला महिना, शेजारी रक्कम, शेजारी ती कोणत्या सदरात : प्रक्रियेचा खर्च, २४ महिन्यांच्या आतले वेतन, त्याआधीचे वेतन, भरपाई, ग्रॅच्युइटी, भविष्य निर्वाह निधी. शेवटच्या रकान्यात पुरावा. पगारपत्रके नसतील तर बँकेचे पासबुक चालते, कारण जानेवारी २०२३ पर्यंत दर महिन्याला जमा झालेली रक्कम आणि त्यानंतरची रिकामी पाने दोन्ही बोलकी असतात. भविष्य निर्वाह निधीच्या पासबुकात वेतनाचा आकडाही असतो. युनियनने फॉर्म एफ भरला तरी हा कागद प्रत्येक कामगाराचा वेगळा जोडायला सांगा. ज्यांनी दावाच केला नाही त्यांचे येणे लिक्विडेटर कंपनीच्या हिशेबवहीवरून मान्य करू शकतो, पण हिशेबवहीत कंपनीने जे लिहिले तेच तिथे दिसणार.

दाव्यावरचा निर्णय लिक्विडेटर लेखी कळवतो. त्यात काही नाकारले असेल किंवा खर्चाचे १,०५,००० खालच्या पायरीवर ढकलले असतील, तर निर्णय हाती आल्यापासून १४ दिवसांत एनसीएलटीत अपील करावे लागते. ही मुदत फार छोटी आहे, आणि निर्णय बहुतेक वेळा ई-मेलने येतो. फॉर्मवर युनियनच्या कार्यालयाचा, कोणी न उघडणारा ई-मेल पत्ता देऊ नका. स्वतःचा किंवा घरात जो रोज फोन बघतो त्याचा द्या, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापासून तो रोज तपासा.